दीड-दोन वर्षांच्या मुलाचा खोकला आणि अँटिबायोटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातले पालक हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. उत्तरं एक ते तीन वर्षांच्या, एरवी धडधाकट असलेल्या मुलांसाठी आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर हे पान वाचत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. जन्मतः हृदयदोष असलेलं किंवा खूप कमी वजनाचं मूल असेल तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचंच ऐका.

१. एवढा खोकला असताना डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही. असं का?

कारण या वयातला बहुतेक खोकला व्हायरसमुळे होतो आणि अँटिबायोटिक फक्त बॅक्टेरियावर चालतं. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं बॅक्टेरियाभोवतीचं कवच बनू देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन बॅक्टेरियाची प्रथिनं तयार करण्याची यंत्रणा बंद पाडतं. व्हायरसला ते कवचही नसतं आणि ती यंत्रणाही नसते. तो आपल्याच पेशीत शिरून तिथल्या सामग्रीवर वाढतो. म्हणून डोस वाढवला, महागडी बाटली आणली किंवा सुई मारली, तरी व्हायरसवर काहीच परिणाम होत नाही.

सर्दी-खोकला करणारे व्हायरस पुष्कळ आहेत. त्यामुळे लहान मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे. अंगणवाडीत जाणाऱ्या किंवा शाळकरी भावंड असलेल्या मुलाला त्याहून जास्त वेळाही होते. जून ते सप्टेंबरच्या खानापूरकडच्या पावसात सगळं घर दारं लावून एका खोलीत बसतं, तेव्हा एकाचा व्हायरस सगळ्यांना लागतो. एक खोकला संपतो न संपतो तोच दुसरा सुरू झाला, तर पालकांना तो महिनाभराचा एकच आजार वाटतो.

२. शेंबूड आधी पाण्यासारखा होता, आता घट्ट हिरवा झालाय. म्हणजे इन्फेक्शन वाढलं ना?

नाही. नाकात व्हायरसशी लढायला पांढऱ्या पेशी येतात. त्या पेशींमध्ये हिरवट रंगाचं एक एन्झाइम असतं. पेशी जास्त जमल्या आणि शेंबूड नाकात साचून राहिला की रंग पिवळा, मग हिरवा दिसतो. साध्या सर्दीतही तिसऱ्या ते पाचव्या दिवशी असं होतं आणि पुढे तो परत पातळ होतो. रंग पाहून बॅक्टेरिया ओळखता येत नाहीत. सकाळी उठल्यावरचा शेंबूड रात्रभर साचलेला असतो, म्हणून तो सगळ्यात हिरवा असतो.

हिरव्या शेंबडाबरोबर काय असेल तर विचार बदलतो, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

३. दहा दिवस झाले, खोकला जातच नाही. किती दिवस थांबायचं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. आपल्याकडे चार-पाच दिवसांत खोकला गेलाच पाहिजे अशी समजूत आहे. प्रत्यक्षात व्हायरसचा खोकला असलेल्या मुलांपैकी निम्मी मुलं दहाव्या दिवसापर्यंत बरी होतात आणि दहापैकी नऊ पंचविसाव्या दिवसापर्यंत. म्हणजे दोन आठवडे उलटल्यावरही रात्री-पहाटे खोकणाऱ्या मुलाच्या अंगात व्हायरस अजून जिवंत आहे, असं समजायचं कारण नाही. श्वासनळीचं आतलं अस्तर सोललं गेलेलं असतं. ते भरून येईपर्यंत थंड हवा, चुलीचा धूर, उदबत्ती, बिडी कशानेही खोकल्याची उबळ येते.

साधा क्रम असा असतो: ताप पहिले दोन-तीन दिवस. खोकला तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जोरात. त्यानंतर ताप नाही, मूल खेळायला लागतं, पण खोकला रेंगाळतो. या क्रमात रोज थोडं तरी उतरतं आहे का, एवढं पाहायचं. बरं होत आलेलं मूल सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा तापलं, तर मात्र दाखवून आणा. चार आठवड्यांच्या पुढचा खोकला वेगळा, तो प्रश्न १२ मध्ये.

४. मागच्या वेळी अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. मग ते लागू पडलं म्हणायचं नाही का?

दिवस मोजून पाहा. मूल सोमवारी तापतं. मंगळवारी घरचे पॅरासिटामॉल देतात. बुधवारी दवाखान्यात जातात आणि रात्री अँटिबायोटिकचा पहिला डोस पडतो. गुरुवारी-शुक्रवारी ताप उतरतो. पण व्हायरसचा ताप चौथ्या दिवसापर्यंत बहुधा आपोआपच उतरतो. औषध त्याच्या अगदी आधी सुरू झालं म्हणून श्रेय त्याला मिळालं. आणि पुढच्या वेळी तेच हवं असं घरात ठरतं, डॉक्टरांवरही तोच दबाव येतो.

५. न्यूमोनिया तर नसेल ना? घरी कसं ओळखायचं?

खोकल्याचा आवाज, छातीतली घरघर किंवा तापाचा आकडा यावरून न्यूमोनिया ठरत नाही. घरी पाहण्याजोग्या दोन गोष्टी आहेत: श्वासाचा वेग आणि छातीची हालचाल.

वेग मोजताना मूल शांत हवं, झोपलेलं असेल तर उत्तम. रडून, दूध पिऊन किंवा धावून आल्यावर लगेच मोजू नका. झबलं वर करून छाती-पोट उघडं ठेवा. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान मुलांचा श्वास मध्येच मंद, मध्येच जलद असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार एक ते पाच वर्षांच्या मुलात मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळात हा आकडा ५० आहे. तापात श्वास वाढतोच. म्हणून अंग तापलेलं असताना ४४ आले, तर पॅरासिटामॉल देऊन ताप उतरल्यावर परत मोजा. तरीही ४० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरी खूण छातीची. श्वास आत घेताना छाती फुगायला हवी. त्याऐवजी बरगड्यांचा खालचा भाग आत खेचला जाऊन खळगी पडत असेल, तर श्वासाला जोर लागतो आहे. हे नीट कळत नसेल तर मोबाइलवर उघड्या छातीचा अर्धा मिनिट व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात मूल रडतं, तिथे श्वास धड मोजता येत नाही, म्हणून घरचा व्हिडिओ फार कामाला येतो.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा: ओठ-जीभ निळसर किंवा राखाडी, प्रत्येक श्वासाला कण्हणं, शांत बसलेलं असतानाही श्वास घेताना घशातून कर्कश आवाज, काहीच पिऊ न शकणं, प्रत्येक घोट उलटून पडणं, झटके, किंवा हाक मारून हलवूनही नीट जागं न होणं. रात्रीची वेळ असेल आणि गाव आत असेल, तर उजाडायची वाट पाहू नका.

लसीकरणही पाहा. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी मिळते. पेंटाव्हॅलंटमध्ये हिब जंतूची लस असते. तायी कार्डावर या नोंदी पूर्ण असतील तर बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाची शक्यता कमी होते, शून्य होत नाही.

६. मग अँटिबायोटिक खरंच कधी लागतं?

पाच प्रसंग लक्षात ठेवा.

न्यूमोनिया: प्रश्न ५ मधल्या खुणा असतील आणि डॉक्टरांनी तपासून ठरवलं असेल तर. घरी तोंडाने औषध देण्याजोग्या न्यूमोनियाला पहिलं औषध अमॉक्सिसिलिन. जलद श्वास आहे पण छातीत शिटीसारखा आवाजही आहे, अशा वेळी डॉक्टर आधी श्वासनळी मोकळी करणारं औषध देऊन पुन्हा श्वास मोजतात. तो व्हायरसमुळे आवळलेल्या नळ्यांचा प्रकार असू शकतो.

कानाचं इन्फेक्शन: मूल कान ओढतं एवढ्यावरून ते ठरत नाही. डॉक्टरांनी कानात बघून पडदा लाल आणि फुगलेला आहे असं सांगायला हवं. एकाच कानाला सौम्य त्रास असेल तर दोन-तीन दिवस वेदनाशामक देऊन वाट पाहण्याचा मार्गही मान्य आहे. कानातून पू वाहत असेल तर नाही.

सायनसचं इन्फेक्शन: दहा दिवसांनंतरही शेंबूड आणि दिवसाचा खोकला तसूभरही कमी नाही, किंवा सुधारून पुन्हा बिघडलं, किंवा १०२ च्या वरचा ताप आणि पुवासारखा शेंबूड सलग तीन दिवस एकत्र.

डांग्या खोकला: खोकल्याची लांबलचक उबळ, मूल लालनिळं होतं, शेवटी 'हूप' असा आवाज करून श्वास घेतं किंवा उलटी होते. इथे अ‍ॅझिथ्रोमायसिन योग्य औषध आहे. ते लवकर दिलं तर त्रास कमी होतो. उशिरा दिलं तर खोकला तसाच राहतो, पण घरातल्या तान्ह्या बाळाला लागण होणं थांबतं. दीड वर्षाचा डीपीटी बूस्टर चुकला असेल तर हे डॉक्टरांना सांगा.

पाचवा प्रसंग म्हणजे लांबलेला ओला खोकला, त्यासाठी प्रश्न १२.

घसा लाल आहे म्हणून अँटिबायोटिक दिलंय, असं पुष्कळदा ऐकू येतं. तीन वर्षांच्या आत घशाचं स्ट्रेप या बॅक्टेरियाचं इन्फेक्शन क्वचितच होतं. त्यातही नाक वाहत असेल आणि खोकला असेल तर व्हायरसच जास्त संभवतो.

७. चिठ्ठीतलं कोणतं औषध अँटिबायोटिक आहे हे आम्हाला कसं कळणार?

ब्रँडचं मोठं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ नाव वाचा. खोकल्याच्या चिठ्ठीत नेहमी दिसणारी नावं मोजकीच आहेत: अमॉक्सिसिलिन, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम. पाकिटावर किंवा स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकायचं औषध आहे. मुलांच्या अँटिबायोटिकची बाटली बऱ्याचदा कोरड्या पावडरची असते, तिच्यात पाणी घालावं लागतं. ही खूण घरच्यांना पटकन ओळखता येते.

जागतिक आरोग्य संघटनेने अँटिबायोटिकचे गट केले आहेत. अमॉक्सिसिलिन पहिल्या फळीच्या गटात आहे. अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि सेफपोडॉक्झिम जपून वापरायच्या गटात आहेत. साध्या खोकल्याला थेट या दुसऱ्या गटातलं औषध लिहिलेलं दिसलं, तर कारण विचारायला हवं.

८. चिठ्ठी बरोबर आहे की नाही हे पारखायचं कसं? उदाहरण देऊन सांगा.

समजा वीस महिन्यांचं मूल आहे, वजन १० किलो. आजाराचा तिसरा दिवस, ताप १०१, शेंबूड हिरवा, खोकला भरपूर. ताप उतरल्यावर श्वास मिनिटाला ३४. दूध पितंय, ताप उतरला की खेळतंय. चिठ्ठीवर पाच ओळी आहेत. एकेक ओळ बघू.

पहिली ओळ: पॅरासिटामॉल सिरप, ५ मिली, ताप असेल तेव्हा. औषध बरोबर, पण सिरप किती ताकदीचं ते लिहिलेलं नाही, आणि घोटाळा इथेच होतो. पॅरासिटामॉलचा एक डोस वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलाला १५० मिलिग्रॅम. बाटली '५ मिलीत १२० मिलिग्रॅम'ची असेल तर ५ मिली चालतं, पूर्ण डोस सव्वासहा मिली होतो. मेडिकलमध्ये '५ मिलीत २५०' ची बाटली हातात दिली, तर ५ मिलीत २५० मिलिग्रॅम जातं, हा डोस खूपच जास्त झाला. त्या बाटलीतून ३ मिलीच द्यायचं. थेंबांची छोटी बाटली तर १ मिलीत १०० मिलिग्रॅमची असते, तिच्यातून फक्त दीड मिली. दोन डोसांत किमान चार तास हवेत आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. चमच्याने मोजू नका, घरचे चमचे लहान-मोठे असतात. बाटलीसोबतचं माप किंवा सुईविना सिरिंज वापरा.

दुसरी ओळ: अ‍ॅझिथ्रोमायसिन, ५ मिलीत २०० मिलिग्रॅमची बाटली, अडीच मिली दिवसातून एकदा, तीन दिवस. हिशेब बरोबर आहे: किलोमागे १० मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिली. पण डोस बरोबर असणं आणि औषधाची गरज असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्वास ठीक, कानाचा उल्लेख नाही, दिवस तिसरा. चिठ्ठीवर निदान लिहिलेलं नाही किंवा नुसतं 'सर्दी-खोकला' लिहिलं आहे. या ओळीला आधार दिसत नाही. कारण विचारायचं ते याच ओळीचं.

तिसरी ओळ: सर्दीचं सिरप, त्यात क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन. हे मिश्रण चार वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नये, अशी सूचना बाटलीवर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये काढला आहे. बाटलीवर ती ओळ शोधा. हे सिरप घेऊच नका.

चौथी ओळ: अँब्रोक्सॉल आणि लेव्हो-सॅल्ब्युटामॉल असलेलं खोकल्याचं सिरप. छातीत शिटी वाजत नसेल तर यातल्या सॅल्ब्युटामॉलचा उपयोग नाही. हात थरथरतात, छाती धडधडते आणि झोप उडते. शिटी वाजत असेल तरी मास्क लावलेल्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यातून, दिलेला पंप सिरपपेक्षा चांगला, कारण थोडंसंच औषध थेट नळ्यांत जातं. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळयुक्त सिरपमुळे मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितलं, की दोन वर्षांच्या आत खोकला-सर्दीची सिरपं देऊ नयेत आणि पाच वर्षांच्या आतही ती सहसा देऊ नयेत. आपलं उदाहरणातलं मूल वीस महिन्यांचं आहे.

पाचवी ओळ: नाकात घालायचे सलाइनचे थेंब. या चिठ्ठीतली सगळ्यात कामाची ओळ हीच. फक्त लेबलवर नुसतं सोडियम क्लोराइड आहे ना, ते बघा. नाक चटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब वेगळे, ते या वयात नकोत.

म्हणजे पाचपैकी दोन ओळी ठेवायच्या, त्यातली एक माप तपासून. उरलेल्या तिघांबद्दल डॉक्टरांशी बोलायचं.

९. डॉक्टरांना विचारायचं कसं? राग येईल ना त्यांना.

'हे का दिलंत?' असं विचारलं की ऐकणाऱ्याला बरं वाटत नाही. त्याऐवजी असं विचारा: 'डॉक्टर, बाळाला बॅक्टेरियाचं काय दिसलं, कान की छाती?' मग: 'दोन दिवस अँटिबायोटिक न देता पाहिलं तर चालेल का, आणि काय दिसलं तर परत यायचं?' डॉक्टरांकडे ठोस कारण असेल तर ते एका वाक्यात सांगतात: 'उजव्या छातीत खालच्या बाजूला आवाज आहे, श्वास ४८ आहेत.' असं उत्तर मिळालं तर अँटिबायोटिक जरूर द्या आणि सांगितलेले सगळे दिवस द्या. 'असू दे, परत यायला नको' असं उत्तर आलं तर थांबण्याबद्दल पुन्हा विचारायला हरकत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. बरेच डॉक्टर लिहितात, कारण पालकांना तेच हवं असतं असा त्यांचा समज असतो. 'लांबून आलोय, पॉवरचं काहीतरी द्या' हे वाक्य त्यांच्या कानावर रोज पडतं. 'अँटिबायोटिक नको असेल तर नका देऊ, फक्त कधी घाबरायचं ते सांगा' असं पालकांनी आधीच म्हटलं, तर चिठ्ठी छोटी होते. काही डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात पण 'अमुक झालं तरच घ्या' असं सांगतात. गाव लांब असेल तर ही पद्धत सोयीची. तेव्हा ते 'अमुक' काय, हे चिठ्ठीवरच लिहून घ्या.

डॉक्टर कन्नडमधून बोलत असतील आणि अर्धंच कळत असेल, तर मान हलवून बाहेर येऊ नका. नर्स, कंपाउंडर किंवा सोबत आलेल्या कुणाकडून निदान, डोस आणि दिवस हे तिन्ही समजून घ्या. आशाताई बहुतेक ठिकाणी दोन्ही भाषा बोलतात, त्यांनाही विचारता येतं.

१०. गरज नसताना दिलं तर बिघडतं काय? खबरदारी म्हणून दिलेलं बरं ना.

लगेच दिसणारा त्रास म्हणजे जुलाब, क्लॅव्ह्युलॅनेट असलेल्या औषधाने तो जास्त होतो. खोकला राहिला बाजूला, ढुंगण लाल होऊन मूल रात्रभर रडतं. दुसरं म्हणजे पुरळ. व्हायरसमुळेही पुरळ येतं. पण त्याच वेळी अमॉक्सिसिलिन चालू असेल, तर 'या मुलाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे' असा शिक्का बसतो आणि पुढे खरी गरज असताना चांगलं, स्वस्त औषध टाळलं जातं.

तिसरा परिणाम दिसत नाही पण टिकतो. अँटिबायोटिक मुलाच्या नाका-घशातले आणि आतड्यातले साधे जंतू मारतं आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात. असे जंतू कोर्सनंतरच्या पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतात आणि वर्षभरापर्यंत आढळू शकतात. पुढच्या महिन्यात त्याच मुलाला खरा न्यूमोनिया झाला, तर पहिल्या फळीचं औषध कमी पडू शकतं.

खबरदारी म्हणून दिलेलं औषध निदानही झाकतं. तापाचं मूळ लघवीच्या इन्फेक्शनमध्ये असेल, तर एक-दोन डोसांनीही लघवीच्या कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत. आजार अर्धवट दबतो आणि कारण सापडत नाही. व्हायरसच्या सर्दीत आधीच अँटिबायोटिक दिल्याने पुढचा न्यूमोनिया टळेल, हा हिशेबही मुळात चुकीचा आहे.

११. मागच्या वेळची बाटली उरलीय, किंवा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतोय. आणि दोन डॉक्टरांची दोन औषधं झाली तर?

उरलेली बाटली टाकून द्या. पाणी घातलेली पावडर फार टिकत नाही. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये ठेवलं तरी सात दिवसच चालतं. त्या बाटलीतला डोस मागच्या वजनाचा असतो हेही लक्षात घ्या. पावडरमध्ये पाणी घालताना ते उकळून गार केलेलं हवं. आधी बाटली हलवून पावडर सुटी करा, खुणेच्या थोडं खालपर्यंत पाणी घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. फेसाला खूण समजून पाणी कमी घातलं तर औषध जास्त दाट होतं आणि प्रत्येक डोस वाढतो. दर वेळी देताना बाटली पुन्हा हलवा.

मेडिकलमधून चिठ्ठीविना अँटिबायोटिक घेऊ नका. सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम ही औषधं शेड्यूल एच१ या सरकारी यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिलं याची नोंद करून ती तीन वर्षं जपायची असते. नोंद न करता बाटली काउंटरवर आली तर तिथेच परत करा.

या भागातली खास अडचण म्हणजे दोन्हीकडचे दवाखाने. गावात एक डॉक्टर, तीन दिवसांनी गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा मिरजेला दुसरे, आणि पहिली चिठ्ठी घरीच. मग एकाच आठवड्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनवर सेफिक्झिम पडतं, किंवा दोन वेगळ्या नावांनी पॅरासिटामॉल दुप्पट जातं. प्रत्येक चिठ्ठीचा आणि बाटलीच्या लेबलचा फोटो फोनमध्ये ठेवा, त्यावर सुरू केल्याची तारीख लिहा आणि दुसऱ्या डॉक्टरांना तो आधी दाखवा. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून 'हा व्हायरस आहे, थांबवा' म्हटलं तर अँटिबायोटिक मध्येच थांबवायला हरकत नाही. 'कोर्स पूर्ण करा' हा नियम ज्या आजाराला औषध खरंच लागतं त्यासाठी आहे. आपल्या मनाने मात्र थांबवू नका.

१२. चार आठवडे झाले, खोकला ओलाच आहे. आता तरी अँटिबायोटिक लागेल का?

लागू शकतं. चार आठवड्यांहून जास्त काळ रोज ओला, खळखळणारा खोकला, बाकी मूल बरं, छातीत शिटी नाही, अशा वेळी श्वासनळ्यांत बॅक्टेरिया मुक्काम ठोकून बसलेले असण्याची शक्यता असते. त्यावर दोन आठवड्यांचा कोर्स देतात आणि खोकला गेला का ते परत तपासतात. हे बालरोगतज्ज्ञांनी ठरवायचं.

त्याआधी दोन गोष्टी वगळायच्या असतात. घरात किंवा शेजारी कुणाला क्षयरोग आहे का? मुलाचं वजन दोन-तीन महिन्यांत वाढलंच नाही का? तसं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, खोकल्याचं साधं अँटिबायोटिक देत बसून वेळ घालवायचा नाही.

दुसरी गोष्ट शेंगदाण्याची. मूल खात-खेळत असताना एकदम ठसका लागला, लालबुंद झालं, मग शांत झालं आणि तेव्हापासून खोकला आहे, हे घरच्यांच्या लक्षातही राहत नाही. शेंगदाण्याचा, चिंचोक्याचा किंवा पावट्याचा तुकडा एका बाजूच्या नळीत अडकला तर खोकला, एकाच बाजूला शिटी आणि त्याच जागी परत परत न्यूमोनिया होतो. अँटिबायोटिकने दोन दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. साधा एक्स-रे नॉर्मल आला तरी तुकडा नाही असं होत नाही, शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. ठसक्याची आठवण असेल तर ती पहिल्याच वाक्यात सांगा. दुर्बिणीने तपासून तुकडा काढण्याची सोय मोठ्या रुग्णालयातच असते, त्यासाठी डॉक्टर बेळगावला पाठवतील.

१३. रक्त तपासणी किंवा एक्स-रे काढला तर व्हायरस की बॅक्टेरिया ते कळत नाही का?

साध्या खोकल्यात नेहमी कळत नाही. पांढऱ्या पेशी किंवा रक्तातलं सूज दाखवणारं सीआरपी व्हायरसमध्येही वाढतात. व्हायरसच्या छातीच्या आजारातही एक्स-रेवर डाग-रेघा दिसतात आणि त्या बघून अँटिबायोटिक सुरू होतं. मूल खेळतंय आणि श्वास ठीक आहे, तर या तपासण्यांवर पैसे घालू नका. श्वास जलद, ताप पाच दिवसांच्या वर, किंवा दिलेल्या औषधाने दोन दिवसांत फरक नाही, तर त्यांचा उपयोग होतो.

१४. मग औषध नाही तर घरी करायचं काय?

नाक मोकळं ठेवा. दूध देण्याआधी आणि झोपण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे दोन-तीन थेंब. शेंबूड सैल झाला की मऊ फडक्याने पुसा. रात्रीचा बराचसा खोकला नाकामागून घशात उतरणाऱ्या शेंबडाचा असतो, म्हणून यानेच झोप लागते.

एक वर्षाच्या वरच्या मुलाला झोपताना अडीच मिली मध चालतो. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, बोटाने चाटवायलाही नको, त्यात बोट्युलिझम या विषबाधेच्या जंतूंची बीजं असू शकतात. बाकी नेहमीचं खाणं-पिणं, थोडं थोडं आणि वारंवार. दूध बंद करू नका, दुधाने कफ वाढत नाही.

कापूर किंवा कापूर असलेला बाम दोन वर्षांच्या आत छातीला, नाकाला लावू नका. पोटात गेला तर कापराने झटके येतात. भांड्यातल्या पाण्याची वाफही नको, या वयात कढत पाणी अंगावर सांडून भाजण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा आहे. चूल, धुपाटणं आणि बिडी यांचा धूर मुलाच्या खोलीत येणार नाही असं बघा. निपाणी भागात घरात तंबाखू हाताळणारे असतील, तर त्यांनी मुलाला घेण्याआधी हात धुऊन कपडे बदलावेत. खोकला लांबण्यामागे ही कारणं वरचेवर सापडतात.